आठ दिवे लागतात, तरी लिंक पडते

प्रश्न: डेस्कटॉप वायरने राउटरला जोडलाय. दर पाच-दहा मिनिटांनी नेट तीन-चार सेकंद जातं आणि आपोआप परत येतं. तेव्हाही मोबाईलचं वायफाय चालू असतं. ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकलं, राउटर रीसेट केला, काही फरक नाही. वायरमनने टेस्टर लावून आठही दिवे दाखवले आणि केबल ओके आहे म्हणाला. मग दोष कुठे?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात "तीन-चार सेकंद" हे सर्वात बोलकं आहे. गिगाबिट लिंक एकदा तुटली की दोन्ही टोकांची चिप पहिल्यापासून बोलणी करते: वेग किती, कोण मास्टर, कोण स्लेव्ह, चारही जोड्यांवरचा सिग्नल कसा येतोय. या सगळ्याला साधारण दोन ते चार सेकंद लागतात. म्हणजे तुमचं इंटरनेट जात नसावं, कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातली लिंकच पडून पुन्हा उभी राहत असावी. तसं असेल तर विंडोज पुन्हा टाकून काही होणार नव्हतं. संशय चारच जागांवर येतो: केबल, तिचे प्लग, राउटरचं पोर्ट आणि कॉम्प्युटरचं पोर्ट. आठ दिव्यांनी यातल्या फार थोड्या गोष्टींची खात्री दिली आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी लिंक खरंच पडते का ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत बाहेरच्या पत्त्याला पिंग लावा. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

राउटरचं पिंग अखंड चालू राहिलं आणि फक्त बाहेरचं थांबलं, तर तुमच्या केबलचा यात काही संबंध नाही, पुढचं वाचायची गरज नाही. दोन्ही एकदम थांबली तर पडद्यावर नेमकं काय उमटलं ते वाचा. `Request timed out.` म्हणजे लिंक उभी आहे, पण उत्तर आलं नाही. `General failure.` म्हणजे पाकीट कॉम्प्युटरच्या बाहेरच पडू शकलं नाही. वायर उपटल्यावर दिसतं ते हेच. खात्री करायची तर एकदा स्वतः वायर उपटून बघा आणि तोच मजकूर लक्षात ठेवा.

पिंगमध्ये एकच उणीव आहे: विंडोजचं `ping` घड्याळातली वेळ लिहीत नाही. या दुखण्यात वेळच सगळं सांगते. म्हणून मी पॉवरशेलमध्ये हे चालू ठेवून निघून जातो. लिंकची अवस्था बदलली तरच ते एक ओळ लिहितं.

```
$old = ""
while ($true) {
  $a = Get-NetAdapter -Name "Ethernet"
  $now = "$($a.Status) $($a.LinkSpeed)"
  if ($now -ne $old) {
    "$(Get-Date -Format 'HH:mm:ss')  $now" | Tee-Object link.txt -Append
    $old = $now
  }
  Start-Sleep 1
}
```

तुमच्या कार्डाचं नाव `Ethernet` नसून `Ethernet 2` वगैरे असेल तर ते घाला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही याची नोंद सापडते. इंटेलच्या कार्डासाठी सिस्टीम लॉगमध्ये सोर्स `e1dexpress` किंवा त्यासारखा दिसतो. २७ क्रमांक म्हणजे लिंक तुटली, ३२ म्हणजे जुळली. मात्र फक्त क्रमांकावर गाळणी लावू नका, कारण विंडोज सुरू होतानाच्या अगदी वेगळ्या नोंदीही याच क्रमांकांवर येतात. सोर्स बघा. लिनक्स असेल तर काम आणखी सोपं:

```
sudo dmesg -T | grep -i "link is"
cat /sys/class/net/eno1/carrier_changes
```

दुसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे मशीन सुरू झाल्यापासून लिंक किती वेळा पडली आणि उठली याची मोजदाद. सकाळी बघितला, संध्याकाळी बघितला, वजाबाकी केली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून हा आकडा बघितला की विंडोज आणि ड्रायव्हरवरचा संशय एकाच फटक्यात निकालात निघतो. लिनक्सखालीही लिंक पडत असेल, तर हार्डवेअरशिवाय दुसरं कोणी उरत नाही.

दोन तासांची नोंद जमली की आधी मधली अंतरं बघा. लिंक बरोब्बर दर दहा मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखी पडत असेल, तर मी आधी केबलकडे जात नाही. वीज वाचवण्याची सेटिंग, एखादा प्रोग्रॅम, एखादं ठरावीक वेळी होणारं काम, असं काहीतरी शोधतो. सैल संपर्काला घड्याळ कळत नाही. तो पाच मिनिटांनी पडतो, मग वीस मिनिटं गप्प बसतो, मग एका मिनिटात तीनदा पडतो. मात्र त्याच्या अनियमितपणातही कधीकधी माणसांची, दारांची, कंप्रेसरची चाल दिसते. खालच्या किश्श्यात तेच झालं.

आता ते आठ दिवे. वायरमनकडचा छोटा टेस्टर एकेका तारेतून थोडा विद्युतप्रवाह सोडतो आणि पलीकडे दिवा लागतो का ते बघतो. तार सलग आहे आणि १ नंबरची तार १ वरच निघते, एवढंच त्यातून कळतं. दिवा लागायला अगदी वाईट संपर्कही पुरतो. गिगाबिटमध्ये मात्र चारही जोड्यांवरून, दोन्ही दिशांनी एकाच वेळी, सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हं जातात, आणि प्रत्येक चिन्ह पाच वेगवेगळ्या व्होल्टेज पातळ्यांपैकी एक असतं. त्या कामाला पुरेशी केबल आणि दिवा लावायला पुरेशी केबल यांत बरंच अंतर आहे. शिवाय टेस्टर लावताना केबल दोन्हीकडून उपटावी लागते, म्हणजे राउटरचं पोर्ट आणि कॉम्प्युटरचं पोर्ट त्या तपासणीत नव्हतेच. आणि दर आठ मिनिटांनी चार सेकंद होणारा दोष वायरमनच्या अर्ध्या मिनिटात सापडावा, ही अपेक्षाही जरा जास्तच.

टेस्टरला न दिसणारा एक दोष तुम्हाला मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग हातात घ्या, खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून रंग वाचा. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा ३ आणि ६ वर आहेत आणि निळी जोडी त्यांच्या मध्ये बसली आहे, हे लक्षात घ्या. काही जण घाईत रंगाशेजारी रंग लावून मोकळे होतात: हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, सगळे खूश. पण चिपच्या हिशेबात ३ आणि ६ ही एक जोडी असते. तुमच्याकडे ३ वर हिरव्या जोडीची तार आणि ६ वर निळ्या जोडीची, म्हणजे एकमेकींना पीळ न घातलेल्या दोन तारा. पीळच नाही तर शेजारच्या जोडीचा आवाज रोखणार कोण? दीड-दोन मीटरवर हे कसंबसं चालून जातं, पंधरा-वीस मीटरवर वेग घसरतो, चुका वाढतात किंवा लिंक पडत राहते. प्लगात असं दिसलं तर पुढचं काही न करता दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप करून घ्या.

रंगांचा क्रम बरोबर निघाला, तर अदलाबदलीला लागू. इथे लोक एक चूक हमखास करतात: केबल नवीन आणतात, ती दुसऱ्या पोर्टात लावतात, आणि दुखणं गेलं की केबल खराब होती असं ठरवून टाकतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, मग खराब कोणती होती? जुनी केबल नेऊन टीव्हीला लावतात, आणि महिन्याभराने ते खराब पोर्ट नव्या प्रिंटरच्या गळ्यात पडतं. एका वेळी एकच बदल करा, आणि बदलल्यावर वाट बघा.

किती वाट? लिंक सरासरी आठ मिनिटांनी पडत असेल आणि पुढची पंधरा मिनिटं शांत गेली, तर त्याला काहीच अर्थ नाही. इतकी शांतता नुसत्या योगायोगानेही सहज मिळते. मी सरासरी अंतराच्या दहापट थांबतो, म्हणजे इथे दीड तास. त्यातही एक मेख आहे. प्लग काढून पुन्हा बसवला की पट्ट्यांवरची कळकट घासली जाते, पट्टी जरा वेगळ्या जागी टेकते, आणि खराब संपर्क काही तास शहाण्यासारखा वागतो. म्हणून बदल लागू पडला असं वाटलं की मी जुनी स्थिती पुन्हा आणून बघतो. दुखणं परत आलं, तरच निदान पक्कं.

हे मी फुकट शिकलेलो नाही. पुण्यातल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटर, आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच, आणि हिशेबाचा सगळा डेटा एका मशीनवर. चौथ्या टेबलावरचं मशीन जूनमध्ये नवं घेतलं आणि तेव्हापासून त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर दिवसातून कितीतरी वेळा "डेटा सापडत नाही" म्हणून बंद पडायला लागलं. जुन्या मशीनवर सात वर्षं काही तक्रार नव्हती. साहजिकच दोष नव्या मशीनवर आला. विकणाऱ्याने बिचाऱ्याने मदरबोर्डसुद्धा बदलून दिला. तक्रार जागच्या जागी. वायरमन येऊन गेला, त्याच्याही टेस्टरवर आठ दिवे.

मी गेलो आणि मीही तेच केलं. टेबलाजवळची पॅच कॉर्ड बदलली, अर्धा तास चहा पीत बसलो, एकदाही लिंक पडली नाही, पैसे घेऊन निघालो. संध्याकाळी सहाला फोन: "साहेब, परत सुरू झालं." चहा पिताना जे चाललं होतं, ती त्या संपर्काची चांगली वेळ होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरची नोंद लावून ठेवली आणि कशालाही हात लावला नाही. दोन तासांत चौदा वेळा लिंक पडली. त्यातला एक तुकडा असा होता:

```
11:04:17  Disconnected 0 bps
11:04:21  Up 1 Gbps
11:09:52  Disconnected 0 bps
11:09:56  Up 1 Gbps
11:10:31  Disconnected 0 bps
11:10:35  Up 1 Gbps
```

प्रत्येक वेळी चार सेकंद, आणि अंतरं वेडीवाकडी. पण अकराच्या सुमाराला जरा जास्तच दाटी. तेव्हा मला तिचा अर्थ लागला नाही, कागदावर फक्त खूण करून ठेवली.

मग स्विचपाशी जाऊन चार आणि पाच नंबरच्या केबलींची जागा बदलली. चारची केबल पाचव्या पोर्टात, पाचची चौथ्या पोर्टात. सगळ्या अदलाबदलीत मला हीच सर्वात आवडते, कारण नवं काही विकत आणावं लागत नाही आणि उत्तर दोन्ही बाजूंनी मिळतं. आजार चौथ्या टेबलाबरोबर राहिला तर दोष केबलीत किंवा मशीनमध्ये, पाचव्या टेबलाकडे गेला तर दोष पोर्टात. पाचव्या टेबलावरही नोंद चालू केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाचव्या टेबलावर नऊ वेळा लिंक पडली, चौथ्यावर एकदाही नाही. पाचव्या टेबलावरच्या बाई वैतागल्या, "माझं चांगलं चाललेलं का बिघडवलं?" त्यांचं बरोबरच होतं, पण मला हवं ते मिळालं. केबली परत जागच्या जागी लावल्या, आजार चौथ्या टेबलावर परत आला. दोष चौथ्या पोर्टात.

स्विच दाराशेजारच्या प्लायवूडच्या पार्टिशनवर स्क्रूने ठोकलेला होता. अकरा वाजता चहावाला यायचा, दीड वाजता जेवायला सगळे बाहेर पडायचे, आणि ते दार आपटून बंद व्हायचं. दाटीचा अर्थ तिथे लागला. मी दार मुद्दाम आपटून बघितलं. पहिल्या तीन वेळा काही नाही, चौथ्या वेळी चौथ्या पोर्टाचा दिवा विझला आणि चार सेकंदांनी लागला. मग प्लग दोन बोटांत धरून किंचित वर उचलला, दिवा गेला. सोडला, आला. शेजारच्या पोर्टात तसंच करून बघितलं, तिथे दिवा ढिम्म हलला नाही. ही तुलना केल्याशिवाय बोटांच्या परीक्षेवर विश्वास ठेवू नका. जोरात ओढलं तर चांगलं पोर्टही दिवा घालवेल.

केबल काढून टॉर्चने पोर्टात बघितलं. आत आठ बारीक सोनेरी तारा तिरक्या उभ्या असतात आणि स्प्रिंगसारख्या प्लगच्या पट्ट्यांवर दाबून बसतात. सात एका रेषेत होत्या. अगदी कडेची आठवी इतरांपेक्षा खोल, आत दबलेली. ती उठून येतच नव्हती, प्लगला जेमतेम टेकत होती.

कडेचीच का? फोनचा प्लग दिसायला लहान असतो, पण नेटवर्कच्या पोर्टात तो सहज शिरतो. त्याच्या दोन्ही कडांना पट्ट्या नसतात, नुसतं प्लास्टिक असतं, आणि ते प्लास्टिक पोर्टातल्या पहिल्या आणि आठव्या तारेला दाबत आत जातं. कधी त्या परत उठतात, कधी कायमच्या बसतात. ऑफिसातले जुने कारकून काका म्हणाले की इंटरकॉम बसवला तेव्हा फोनची वायर आधी "त्या डब्यात" लावली होती, आवाज येईना म्हणून काढली. पहिली तार तेव्हा परत जागेवर आली असावी, आठवी आली नाही.

राहिला प्रश्न सात वर्षांचा. जुन्या मशीनचं कार्ड १०० एमबीपीएसचं होतं. त्या वेगाला दोनच जोड्या लागतात: १-२ आणि ३-६. आठव्या तारेशी त्याचं देणंघेणं नव्हतं, ती तुटली असती तरी त्याला कळलं नसतं. नवं मशीन गिगाबिटचं, त्याला चारही जोड्या हव्यात. यातली खरी गंमत अशी की वेग ठरवायची सुरुवातीची बोलणी फक्त १-२ आणि ३-६ वरूनच होतात. दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात की मला गिगाबिट येतं, दोघांचं ठरतं, आणि मग उरलेल्या दोन जोड्यांवर काम सुरू करायला जातात. निळ्या किंवा तपकिरी जोडीत गोम आहे हे बोलणी झाल्यावरच कळतं. काही चिपा हार मानून १०० वर उतरतात आणि तिथेच राहतात. संपर्क अर्धामुर्धा असेल तर लिंक गिगाबिटवर उभी राहते आणि मग पडते.

याच गोष्टीचा तुम्हाला तपासणीसाठी उपयोग होतो. गिगाबिट सोडून १०० वर चालवल्यावर पडझड पूर्ण थांबली, तर संशय निळ्या-तपकिरी जोडीवर, म्हणजे प्लगच्या ४, ५, ७, ८ नंबरच्या पट्ट्यांवर जातो. निदान पक्कं नाही, कारण १०० वर सिग्नलला एकूणच जास्त माफी असते, पण दिशा मिळते. १०० वरही पडतच राहिली तर नारिंगी किंवा हिरवी जोडी बघा. हे करताना विंडोजच्या `Speed & Duplex` मध्ये जाऊन `100 Mbps Full Duplex` असं ठोकून ठेवू नका. त्याने बोलणीच बंद होण्याची शक्यता असते. मग पलीकडचं टोक वेग ओळखतं, पण समोरचा फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा, आहे हे त्याला कळत नाही, ते हाफ डुप्लेक्स धरतं, आणि तुम्हाला एक नवाच आजार जडतो. लिनक्सवर बोलणी चालू ठेवून फक्त १०० ची तयारी दाखवता येते:

```
sudo ethtool -s eno1 advertise 0x008
```

मशीन रीस्टार्ट केलं की ते पूर्ववत होतं. विंडोजवर सोपा उपाय म्हणजे माळ्यावर पडलेला जुना १०० एमबीपीएसचा स्विच मध्ये टाकणं. फक्त तेव्हा कॉम्प्युटरसमोरचं पोर्टही बदललेलं असतं हे विसरू नका. तो कायमचा तिथेच सोडू नका, ही पट्टी बांधणं आहे, इलाज नाही.

आता तुमच्या घरी. मागच्या बाजूला राउटरची चार लॅन पोर्टं असतात. केबल तीच ठेवून फक्त पोर्ट बदला आणि दीड तास नोंद घ्या. दुखणं गेलं तर पहिल्या पोर्टात परत लावून ते येतं का बघा. आलं, तर दोष पोर्टाचा. टॉर्च मारून आतल्या तारा बघा, हिरवट थर किंवा दबलेली तार दिसते का. काही दिसलं नाही म्हणून पोर्ट निर्दोष ठरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावरच्या विजांनी आतली चिप अर्धवट भाजलेली पोर्टं मी पाहिली आहेत, बाहेरून नवी कोरी.

पोर्ट बदलून फरक पडला नाही, तर केबल. भिंतीतून गेलेली केबल ओढून काढायच्या आधी राउटरपासून टेबलापर्यंत चांगली तयार केबल जमिनीवरून, दाराच्या फटीतून, घरच्यांचा रोष पत्करून एका दिवसासाठी टाका. दिवस शांत गेला तर दोष जुन्या केबलीत. तेवढ्याने भिंत फोडू नका. केबल मधेच खराब होण्यापेक्षा टोकाला खराब होते. टोक दोन इंच कापून नवे प्लग क्रिंप करून घ्या, आणि वायरमनला दोन गोष्टी सांगा. भिंतीतली केबल अखंड तारेची असेल तर प्लगही अखंड तारेसाठीचा हवा. पुष्कळ बारीक तारांच्या केबलीसाठीचा प्लग अखंड तारेत नीट रुतत नाही, आज दिवा लागतो आणि सहा महिन्यांनी संपर्क ढिला पडतो. दुसरं, जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही.

कापलेला तुकडा टाकून देऊ नका. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. बाजारात ती कॅट ६ म्हणून सर्रास मिळते, पण मानकांनुसार नेटवर्क केबल शुद्ध तांब्याची लागते. ॲल्युमिनियम दोन-चार वेळा वाकलं की तुटतं आणि क्रिंपच्या जागी हवेने त्यावर थर धरतो. तशी निघाली तर प्लगवर पैसे घालवू नका, केबलच बदला. नवी ओढताना विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र नको, तीही एक जुनी सवय आहे.

केबल आणि राउटर दोन्ही सुटले, तर कॉम्प्युटरचं स्वतःचं पोर्ट उरतं. मदरबोर्ड बदलायच्या आधी यूएसबीला लावायचं गिगाबिट लॅन अडॅप्टर कोणाकडून तरी मागून आणा आणि केबल त्यात खोचा. पडझड थांबली तर तोच अडॅप्टर कायमचा ठेवा.

ऑफिसातून कोणी हे वाचत असेल तर एक सूचना. तुमच्याकडे नेट चार सेकंद न जाता अर्धा मिनिट जात असेल, म्हणून हे दुखणं वेगळं समजू नका. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा फेरा होऊ न देणारी सोय, चालू असेल तर लिंक उठल्यावर पोर्ट आधी पंधरा सेकंद ऐकतं, पंधरा सेकंद शिकतं, आणि मगच वाट मोकळी करतं. मूळ दोष तोच चार सेकंदांचा, बाकीचे तीस स्विचने जोडलेले. स्विचच्या लॉगमध्ये त्या पोर्टाच्या लिंकच्या नोंदी बघा. आणि सगळीच पोर्टं एकाच क्षणी पडत असतील तर केबल सोडा, स्विचचा पॉवर अडॅप्टर बदला.

त्या कर सल्लागारांकडे नवा स्विच घ्यायची तयारी नव्हती, आणि तशी गरजही नव्हती, आठातली दोन पोर्टं रिकामी होती. चौथ्या टेबलाची केबल सातव्या पोर्टात लावली आणि नोंद पुढचा पूर्ण दिवस चालू ठेवली. संध्याकाळी फाइलमध्ये एकच ओळ होती, सकाळी मशीन सुरू झाल्याची. चौथ्या पोर्टात मी वायर नसलेला एक रिकामा प्लग घातला आणि त्याच्या खटक्याचं बाहेर राहिलेलं टोक कापून टाकलं, म्हणजे सहज उपटता येऊ नये. काकांनी त्यावर पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलं: "येथे काही लावू नये. फोन तर अजिबात नाही."